एका डॉलरची चाचपणी

क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आपण बहुतेक जण दोनच गोष्टींसाठी उघडतो: एकूण किती भरायचे आणि कधीपर्यंत. मधल्या ओळींवरून नजर फिरते तीही मोठ्या आकड्यांच्या शोधात. हॉटेलचं बिल आठवतं, विमानाचं तिकीट आठवतं, आणि त्यांच्या अधेमधे पडलेली एखादी ८६ रुपयांची ओळ तशीच सुटून जाते. दुकानाचं नाव कधी न ऐकलेलं, त्याच्यापुढे परदेशातल्या कुठल्या तरी गावाचं अर्धवट तोडलेलं नाव, आणि रकमेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ चलन, एक डॉलर. तिच्या खाली आणखी दोन चिल्लर ओळी असतात. एक तीन रुपयांची, दुसरी ५४ पैशांची. बरीच कार्डं परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. पैशांतली ही ओळ मोठी उपयोगाची आहे. दुकानाचं नाव कितीही देशी वाटलं तरी मार्कअप लागला असेल तर व्यवहार परदेशात झाला, एवढं ती नक्की सांगते.

ही ओळ दिसल्यावर माणसं साधारण तीन प्रकारे वागतात. काही जण घरात विचारतात, मुलांनी काही घेतलं असेल म्हणून सोडून देतात. काही जणांना वाटतं, ८६ रुपयांसाठी कस्टमर केअरच्या रांगेत कोण ताटकळणार. तिसरा प्रकार जास्त गमतीचा आहे. दोन दिवसांनी तोच डॉलर परत जमा झालेला दिसतो आणि माणूस निवांत होतो. कुणाची तरी चूक झाली होती, त्यांनी ती सुधारली, असं तो धरून चालतो. चोरालाही हेच हवं असतं. त्याला तुमचा डॉलर कधीच नको होता, त्याला फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढंच ऐकायचं होतं.

हे ‘हो’ कुणाला आणि कशासाठी हवं असतं, हे कळायला चोरलेल्या कार्डांचा बाजार थोडा समजून घ्यावा लागतो. कार्डाचे तपशील चोरणारा, ते विकणारा, विकत घेणारा आणि शेवटी त्यावर खरेदी करणारा ही सहसा वेगवेगळी माणसं असतात. एकमेकांना न ओळखणारी, बरेचदा वेगवेगळ्या देशांतली. माल मात्र घाऊक असतो. २०२० च्या फेब्रुवारीत ‘जोकर्स स्टॅश’ या त्या काळच्या मोठ्या चोरबाजारात साडेचार लाखांहून अधिक कार्डांची एक थप्पी विक्रीला आली होती. ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीने ती उघडकीस आणली. त्यातली ९८ टक्क्यांहून अधिक कार्डं भारतीय बँकांची होती आणि भाव होता कार्डामागे ९ डॉलर. नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर होताच, काही ठिकाणी नाव, फोन आणि ई-मेलही होते.

या मालाची अडचण अशी की तो नासतो. चोरी आणि विक्री यांच्यात आठवडे किंवा महिने जातात. तेवढ्यात कुणाचं कार्ड संपतं, कुणी ते बंद करतो, कुठल्या बँकेला सुगावा लागतो आणि ती हजारो कार्डं एकदम बदलून टाकते. त्यामुळे शंभर नंबर विकत घेणाऱ्याला त्यातले किती जिवंत आहेत हे ठाऊक नसतं. बाजार समितीत व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर गहू बाहेर काढतो आणि त्यावरून भाव ठरवतो, तसाच नमुना इथेही काढला जातो. फरक एवढाच की इथे प्रत्येक दाणा वेगळा तपासावा लागतो. मेलेलं कार्ड निघालं तर पैसे परत देण्याची सोयही हे बाजार ठेवत, पण ठरावीक वेळेतच. म्हणजे विकत घेतल्या घेतल्या तपासणी करणं भाग.

ही तपासणी हाच एक स्वतंत्र धंदा झाला होता. २००५ साली सुरू झालेलं ‘ट्राय-टू-चेक’ नावाचं संकेतस्थळ हेच काम करून देत असे. चोरलेले नंबर त्यात टाकायचे, थोडे पैसे मोजायचे आणि कुठले चालतात, कुठले नाहीत याची यादी घ्यायची. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ते चालवल्याचा आरोप डेनिस कुल्कोव्ह या रशियन नागरिकावर ठेवला, आणि जर्मनी व ऑस्ट्रियाच्या यंत्रणांच्या मदतीने संकेतस्थळ बंद पाडलं. आरोपपत्रातले आकडे पाहिले की या धंद्याचा पसारा कळतो. २०१८ मधल्या नऊ महिन्यांत निदान १ कोटी ६० लाख तपासण्या. पुढे सप्टेंबर २०२१ पासूनच्या तेरा महिन्यांत निदान १ कोटी ७० लाख. कुल्कोव्हने यातून बिटकॉइनच्या रूपात किमान १ कोटी ८० लाख डॉलर कमावले आणि त्यातून इतर चैनीबरोबर एक फेरारी घेतली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं आहे. त्याच्या अटकेसाठी उपयोगी माहिती देणाऱ्याला एक कोटी डॉलरपर्यंतचं बक्षीस जाहीर झालं. चोरीचा माल स्वतः न चोरता, न विकता, न वापरता नुसता पारखून देण्याची ही कमाई.

त्याची पद्धत समजली की स्टेटमेंटवरच्या ओळीचा अर्थ बदलतो. आपण कार्डाने पैसे देतो तेव्हा पैसे लगेच हलत नाहीत. दुकानदाराकडून बँकेला आधी विचारणा जाते, हे कार्ड खरं आहे का आणि एवढी रक्कम मिळेल का. याला ऑथरायझेशन म्हणतात. बँक होकार देते आणि तेवढी रक्कम बाजूला धरून ठेवते. प्रत्यक्ष वसुली नंतर, एखाद-दोन दिवसांनी होते. दुकानदाराने वसुली मागितलीच नाही तर धरलेली रक्कम आपोआप मोकळी होते आणि स्टेटमेंटवर काहीच उमटत नाही. हॉटेलवाले खोली देताना जी रक्कम अडवून ठेवतात ती याच पद्धतीने. अमेरिकी तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे ट्राय-टू-चेकने अमेरिकेतल्या एका मोठ्या पेमेंट कंपनीची हीच विचारणेची सोय वापरली. विचारायचं, उत्तर घ्यायचं आणि वसुलीच्या भानगडीत पडायचं नाही.

म्हणजे सराईत तपासणीची खूण स्टेटमेंटवर राहतच नाही. ती दिसलीच तर अॅपमध्ये ‘पेंडिंग’ म्हणून काही काळ दिसते किंवा एसएमएसमध्ये. स्टेटमेंटवर छापून येणारा डॉलर ही ओबडधोबड कारागिराची खूण असते. त्याला चांगली सोय परवडत नाही किंवा मिळत नाही, म्हणून तो कुठल्या तरी खऱ्या दुकानात खरी खरेदी करून पाहतो.

आणि नकारही चोराच्या उपयोगी पडतो. बँक ‘नाही’ म्हणते तेव्हा सोबत दोन आकडी कोड पाठवते, कारण प्रामाणिक दुकानदाराला ते कळणं गरजेचं असतं. १४ म्हणजे असा नंबरच नाही. ५४ म्हणजे मुदत संपली. ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. हा ५१ दुकानदाराच्या दृष्टीने फसलेला व्यवहार, पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने ते जवळपास प्रमाणपत्रच. नंबर अस्सल आहे, कार्ड चालू आहे, फक्त आज पैसे नाहीत. पगाराच्या तारखेनंतर पुन्हा यावं. म्हणूनच अलीकडे बऱ्याच पेमेंट कंपन्या नकाराचं नेमकं कारण पडद्यावर दाखवत नाहीत, नुसतं ‘व्यवहार होऊ शकला नाही’ म्हणतात. ग्राहक वैतागतो, पण त्या मोघमपणाला हे कारण आहे.

ओबडधोबड तपासणीसाठी सगळ्यांत आवडतं ठिकाण म्हणजे परदेशातल्या धर्मादाय संस्थांची देणगीची पानं. कारण सरळ आहे. देणगी कितीही देता येते, एक डॉलरसुद्धा. घरपोच माल यायचा नसतो म्हणून पत्ता जुळवायची गरज नाही. खातं उघडावं लागत नाही. शिवाय देणगीदाराला जेवढ्या जास्त पायऱ्या चढायला लावाल तेवढी देणगी घटते, म्हणून संस्था ते पान मुद्दाम सोपं ठेवतात. एखाद्या रात्री अशा संस्थेकडे हजारो देणग्या येतात आणि सकाळी कार्यालय उघडल्यावर आनंद फार काळ टिकत नाही. प्रत्येक प्रयत्नामागे, फसलेल्यासुद्धा, पेमेंट कंपनी काही सेंट लावते. मग खऱ्या कार्डधारकांच्या तक्रारी येऊ लागतात, तेव्हा प्रत्येक तक्रारीमागे वेगळा दंड. एक डॉलरच्या देणगीवर पंधरा डॉलरचं शुल्क भरावं लागू शकतं. तेव्हा स्टेटमेंटवर एखाद्या अनाथालयाचं किंवा प्राणिमित्र संस्थेचं नाव दिसलं तर त्यांना चोर ठरवण्याची घाई करू नये. बहुधा तेही नाडलेलेच असतात.

आता एक प्रश्न हमखास येतो: मी तर हे कार्ड इंटरनेटवर कधी वापरलंच नाही, मग नंबर गेला कुठून? उत्तर असं की नंबर चोरावाच लागतो असं नाही, तो बनवताही येतो. सोळा आकड्यांतले पहिले आठ (पूर्वी सहा) बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात आणि ते गुप्त नसतात. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने येतो. उरले सात. म्हणजे एका बँकेच्या एका प्रकारच्या कार्डांसाठी शक्य नंबर एक कोटी. संगणकाला हा आकडा मोठा नाही. २०१६ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्या पुढची पायरी दाखवून दिली. नंबर हातात असेल तर मुदतीचा महिना ओळखायला फार तर साठ प्रयत्न लागतात, कारण कार्डं सहसा पाच वर्षांची असतात. सीव्हीव्ही ओळखायला फार तर हजार. एकाच संकेतस्थळावर एवढे प्रयत्न केले तर ते दार बंद करतं, म्हणून प्रयत्न शेकडो संकेतस्थळांवर वाटून द्यायचे. त्यांनी हे काही सेकंदांत होऊ शकतं असं दाखवलं. त्या वेळी मास्टरकार्डच्या जाळ्यात असे विखुरलेले प्रयत्न पकडले जात होते, व्हिसाच्या नाही, असंही त्यांना आढळलं. त्यानंतर कार्ड कंपन्यांनी असे हल्ले ओळखणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या, पण हल्ले थांबलेले नाहीत. अशा अंदाजपंचे हल्ल्यात सापडलेल्या माणसाने काहीच चुकीचं केलेलं नसतं. कपाटात सीलबंद पडलेलं कार्डही त्यात सापडू शकतं.

तरीही एखाद्या छोट्या व्यवहारावरून काय काय फुटलं आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि इथे आपल्या देशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतात ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी ओळख द्यावी लागते. बहुतेकांसाठी ती म्हणजे ओटीपी. ही अट देशांतर्गत व्यवहारांना लागू झाली. परदेशी दुकानदारावर रिझर्व्ह बँकेचा अंमल चालत नाही, त्यामुळे तिथे नंबर, मुदत आणि बहुतेक वेळा सीव्हीव्ही दिला की काम होतं. म्हणून भारतीय कार्डाची चाचपणी सहसा परदेशातच होते आणि ती डॉलर, युरो किंवा पौंडात दिसते.

त्यापुढची तटबंदी २०२० ची. रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असेल. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतःहून चालू करायचा, आणि हवा तेव्हा बंद करायची सोय बँकेने चोवीस तास द्यायची. ऑक्टोबर २०२० पासून ते लागू झालं. याचा एक परिणाम असा की भारतीय ग्राहकाला एक डॉलरची ओळ दिसण्यापेक्षा एक एसएमएस येण्याची शक्यता जास्त: तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असल्याने एवढ्या डॉलरचा व्यवहार नाकारला आहे. लोक तो वाचतात, चला, बँकेने वाचवलं म्हणतात आणि पुसून टाकतात. बँकेने वाचवलं हे खरंच. पण तुमचा नंबर कुणाच्या तरी यादीत आहे, ही बातमीही त्याच एसएमएसमध्ये आहे. माझ्या मते स्टेटमेंटवरच्या ओळीपेक्षा हा नकाराचा एसएमएस जास्त मोलाचा, कारण तो काही गमावण्याआधी येतो.

न मागता आलेल्या ओटीपीचंही तसंच. कुणीतरी तुमचा नंबर देशी संकेतस्थळावर टाकला आहे, एवढं त्यावरून कळतं. सीव्हीव्हीही त्याच्याकडे आहे का, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, कारण बऱ्याचदा बँक ओटीपी आधी पाठवते आणि सीव्हीव्हीची पडताळणी नंतर, प्रत्यक्ष मंजुरीच्या वेळी होते. ओटीपीपाठोपाठ ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला तर मात्र नंबरासोबत तुमचा फोन क्रमांकही बाहेर आहे, म्हणजे हा अंदाजाने बनवलेला नंबर नसून कुठून तरी उचललेला संच आहे.

सीव्हीव्हीसकट परदेशी व्यवहार मंजूर झाला असेल तर आणखी एक धागा सापडतो. कार्ड उद्योगाच्या नियमांप्रमाणे व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवायला कुठल्याही दुकानदाराला परवानगी नाही. आपल्याकडे तर ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला पूर्ण कार्ड नंबरही ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन ठेवावं लागतं. म्हणजे साठवलेल्या यादीतून सीव्हीव्ही फुटण्याची शक्यता कमी. तो बहुधा तुम्ही टाइप करत असतानाच उचलला गेला: बनावट पानावर, किंवा खऱ्याच दुकानाच्या पानात घुसवलेल्या काही ओळींच्या प्रोग्रॅमने. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर नेमकं हेच झालं होतं. पान अस्सल, तिकीटही अस्सल, आणि भरलेली माहिती दोन ठिकाणी पोचत होती.

एक नमुना घेऊन हे सगळं ओळीने पाहू. समजा, नाशिकच्या एका शिक्षिका आहेत. जूनमध्ये त्यांनी परदेशी संकेतस्थळावरून क्रोशाच्या विणीचे नमुने घेतले, १२ डॉलरचे. त्यासाठी अॅपमध्ये परदेशी वापर चालू केला आणि तो तसाच राहिला. ते छोटं दुकान प्रामाणिक आहे, पण त्याच्या पैसे भरण्याच्या पानात कुणीतरी काही ओळी घुसवल्या आहेत. नंबर, मुदत, सीव्हीव्ही, नाव आणि ई-मेल तिकडे गेलं. जुलैमध्ये काहीच घडत नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी एसएमएस येतो, एक डॉलर, कुठल्याशा संस्थेला. सहा मिनिटांनी दुसरा एसएमएस, ती रक्कम रद्द. सकाळी बाई दोन्ही एसएमएस एकत्र वाचतात आणि हिशोब शून्य आहे म्हणून सोडून देतात. त्यानंतर अकरा दिवस शांतता. या अकरा दिवसांत चाचपणीत उत्तीर्ण झालेला नंबर कुणीतरी दुसऱ्याने, आता थोड्या जास्त भावाने, विकत घेतला आहे. बाराव्या रात्री ६४० डॉलरची खरेदी होते, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. लगेच तीच रक्कम पुन्हा, कारण पहिली गेली म्हणजे दुसरीही जाईल. तिसरी नाकारली जाते, कारण दीड लाखाच्या मर्यादेतले ४० हजार त्यांनी स्वतः आधीच वापरले आहेत आणि प्रत्येक झटका साधारण ५५ हजारांचा. दोन झटक्यांनी मर्यादा भरली.

यात थांबवता येण्याजोगी जागा एकच होती, ते अकरा दिवस. परदेशी वापराचं बटण बंद केलं असतं तरी त्या रात्रीचे दोन्ही व्यवहार अडले असते. पण फुटलेला नंबर चालू ठेवून नुसतं बटण बंद करणं हा तात्पुरता उपाय. पुढच्या खरेदीला ते बटण पुन्हा चालू करावं लागतंच. असा नंबर हॉटलिस्ट करून म्हणजे कायमचा बंद करून नवा मागवणं हेच खरं काम. अॅपमधलं तात्पुरतं लॉक आणि हॉटलिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक उघडता येतं, हॉटलिस्ट झालेला नंबर परत येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत लॉक आणि मग निवांतपणे हॉटलिस्ट, हा क्रम सोयीचा.

अर्थात प्रत्येक छोटी रक्कम संशयास्पद नसते, आणि उगाच कार्ड बंद करून आठवडाभर खोळंबण्यातही अर्थ नाही. एखाद्या अॅपमध्ये कार्ड जोडताना एक किंवा दोन रुपये कापले जातात आणि परत येतात, तीही चाचपणीच, पण तुमच्या संमतीची. अमेरिकेत पेट्रोल पंपावर कार्ड लावलं की आधी एक डॉलरची विचारणा जाते आणि खरी रक्कम नंतर येते, हे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना माहीत असतं. त्यामुळे रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची. त्या क्षणी तुम्ही किंवा घरातलं कुणी कार्ड कुठे जोडत होतं का? उत्तर हो असेल तर विषय संपला. दुकानाचं नाव अनोळखी असणं हा मात्र कच्चा पुरावा. बरीच दुकानं पाटीवर एक नाव लावतात आणि बँकेकडे त्यांची नोंदणी मूळ कंपनीच्या नावाने असते.

उलट बाजूला, कधी कधी छोटी रक्कम हीच चोरी असते आणि तिच्यामागून मोठं काही यायचं नसतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असं एक प्रकरण न्यायालयात नेलं. बनावट कंपन्या काढून दहा लाखांहून अधिक कार्डांवर २० सेंट ते १० डॉलर एवढीच रक्कम लावलेली होती, आणि बहुतेक कार्डांवर एकदाच. सुमारे ९४ टक्के रकमांबद्दल कुणी तक्रारच केली नाही. एकूण गल्ला मात्र कोटी डॉलरच्या घरात. त्या टोळीचा सारा हिशोब आपल्या आळसावर बेतलेला होता.

तक्रार करायची तर ८६ रुपयांसाठी का करायची, याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक ना तुमची ना बँकेची, कुणा तिसऱ्याची असेल, आणि बँकेकडून व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर एक पैशाचीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवस लावले तर बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला व्यवहारामागे १० हजारांपर्यंत तोशीस बसू शकते, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५ हजारांपर्यंत. त्यानंतर बँकेचं धोरण काय ते खरं. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. खरा मुद्दा याच परिपत्रकातल्या दुसऱ्या तरतुदीत आहे: कळवल्यानंतर जे काही नुकसान होईल ते बँकेचं. नाशिकच्या बाईंनी एक डॉलरची तक्रार त्याच सकाळी नोंदवली असती तर बाराव्या रात्रीचा भार त्यांच्यावर आलाच नसता. तेव्हा तक्रार ८६ रुपयांची दिसली तरी ती त्या कार्डाच्या पूर्ण मर्यादेची असते.

तक्रार करताना बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला घ्यावा. स्टेटमेंटवरचं अनोळखी नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करणं म्हणजे एका चोरापासून दुसऱ्याकडे जाणं. असे बनावट नंबर मुद्दाम पसरवलेले असतात आणि तिकडचा माणूस पैसे परत करण्यासाठी ओटीपी मागतो. बँकेशी बोलताना ‘ही रक्कम चुकीची आहे’ एवढंच न म्हणता ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं म्हणावं. पहिल्या वाक्यावर ते दुकानाशी वाद म्हणून नोंद करतात, दुसऱ्यावर फसवणूक म्हणून, आणि कार्ड बंद होतं ते दुसऱ्यावरच. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, कारण तीन दिवसांचा हिशोब पुढे त्यावरूनच होतो. मोठी रक्कम गेली असेल तर १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ आहे.

परदेशी दाराचं काय, यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत भारतीय बँकांनी एकवेळच्या परदेशी ऑनलाइन व्यवहारांतही दुसऱ्या ओळखीची पडताळणी करण्याची तयारी ठेवायची आहे. पण अट अशी की परदेशी दुकानदाराने किंवा त्याच्या बँकेने ती मागितली पाहिजे. मोठी दुकानं ती मागतील, कारण त्यांनाही तक्रारींचा भुर्दंड टाळायचा असतो. देणगीच्या पानावर एक पायरी वाढवायला तयार नसलेली छोटी संस्था मागेलच असं नाही, आणि चाचपणी होते ती तिथेच. तिथे आडवं येईल ते अॅपमधलं परदेशी वापराचं बटण, खरेदी संपल्यावर आठवणीने बंद केलेलं असेल तर.